शिफ्ट संपताना दोन ओळींची नोंद: वेळ नेमका कुठे गेला?

सीएनसी मशीनवर नव्या जॉबच्या सेटिंगला ४० मिनिटं लागतील असं ऑपरेटरला वाटतं, लागतात ७०. 'सेटिंगला उशीर' एवढंच लिहिलं तर काही कळत नाही. म्हणून वहीत चार रकाने हवेत: काम, अंदाज, लागलेला वेळ, कारण. अंदाज काम सुरू करण्याआधीच लिहायचा. नंतर लिहिला तर तो नकळत लागलेल्या वेळेकडे झुकतो. शिफ्टअखेरीस फक्त कारण लिहायचं.

समजा, आठवड्यातल्या पाचपैकी चार सेटिंगपुढे 'पहिला पीस तपासून मिळेपर्यंत २५ मिनिटं थांबलो' असं निघालं. म्हणजे हात संथ नाहीत, वेळ तपासणीची वाट पाहण्यात जातोय. मग सेटिंग संपायच्या आधीच क्वालिटीवाल्यांना कळवता येतं. एका दिवसाच्या नोंदीवरून मात्र हे दिसत नाही.