ठोके चार, अक्षरं कितीही

वृत्त म्हटलं की आपला हात मात्रा किंवा अक्षरं मोजायला सरसावतो. इंग्रजी बडबडगीतं आणि बॅलड मात्र बऱ्याचदा वेगळ्या हिशोबानं चालतात. तिथे मोजायचे ते ओळीतले जोराचे ठोके. ते चार भरले की मधली हलकी अक्षरं कमीजास्त झाली तरी चालतात. कोलरिजनं 1816 साली ‘क्रिस्टाबेल’ छापताना प्रस्तावनेत हेच सांगितलं होतं: अक्षरं सातापासून बारापर्यंत बदलतील, आघात चारच राहतील.

गळक्या घरावर तीन ओळी रचून बघू.

रूफ लीक्स, विंड ब्लोज,
द वॉटर ड्रिप्स ऑन द किचन फ्लोअर,
अ पॉट बाय द विंडो, अ पॅन बाय द डोअर.

उच्चारानुसार मोजलं तर पहिल्या ओळीत अक्षरं चार, दुसरीत नऊ, तिसरीत अकरा. तरी टाळ्या प्रत्येकीत चारच. तिसरीत त्या पॉट, विन्, पॅन, डोअर यांवर पडतात. ‘बाय’, ‘द’, ‘अ’ मधून सरकून जातात. पहिल्या ओळीत प्रत्येक शब्दावर टाळी, म्हणून ती आपोआप संथ होते.

आता ‘माय अम्ब्रेला इज बाय द डोअर’ ही ओळ घ्या. अक्षरं आठ, एकाआड एक टाळी दिली तर ठोकेही चार. कागदावर सगळं बरोबर! पण टाळी ‘अम्’ आणि ‘ला’वर येते, आणि इंग्रजी माणूस जोर देतो ‘ब्रेल’वर. वर बिचाऱ्या ‘बाय’लाही उगाच ठोका मिळतो. शाळेत सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणायला शिकलेल्या आपल्या कानाला यात काही खटकतही नाही. म्हणून ओळ आधी साध्या बोलण्यासारखी म्हणावी, जोर कुठे पडतो ते शब्दकोशातल्या आघातचिन्हाशी ताडून बघावं, आणि टाळी त्यानंतरच द्यावी. शब्द वाकवण्यापेक्षा ओळ बदलणं सोपं असतं: ‘अम्ब्रेला ड्रिपिंग बिसाइड द डोअर’. अक्षर एक वाढलं, पण ब्रेल, ड्रिप, साइड, डोअर हे चारही ठोके आता जागच्या जागी आहेत.

या मोकळीकीला मर्यादा आहेच. दोन ठोक्यांमध्ये एक किंवा दोन हलकी अक्षरं सहज बसतात. तीन झाली की जीभ घाई करते, आणि त्याहून जास्त झाली तर त्यांतलंच एखादं स्वतः ठोका मागू लागतं. चाल लावतानाही ठोका कुठे पडतो ते पाहायचं. चार-चारच्या तालात सुरुवातीचं ‘द’ किंवा ‘अ’ पहिल्या ठोक्याच्या आधीच म्हणून टाकायचं. ते ठोक्यावर आलं की नीट रचलेली ओळही वेडीवाकडी ऐकू येते.

बॅलडमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत बहुधा तीनच ठोके ऐकू येतात. चौथा असतो, पण मुका. गाणारा तिथे श्वास घेतो किंवा शेवटचा स्वर लांबवतो.