मंगलाष्टकांत शिट्टी नको

गुरुजींची कडवी होतात, मग मावशी, आत्या पाळीपाळीने माईक घेतात आणि नेमकं ‘सावधान’ म्हणताना स्पीकर किंचाळतो. साउंडवाला धावत जाऊन आवाज उतरवतो; मग मागच्या रांगांना काहीच ऐकू येत नाही. असं झालं की सगळे मशीनला नावं ठेवतात. दोष बहुधा स्पीकरच्या जागेचा असतो. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. या फेऱ्यातून शिट्टी निघते.

समजा, हॉल ऐंशी फूट लांब आहे आणि स्टेज एका टोकाला. फोटोत दिसू नयेत म्हणून स्पीकर वधूवरांच्या मागे फुलांत लपवले, की माईक थेट त्यांच्या तोंडी आला. ते स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, माईकवाल्यांच्या चार-पाच फूट पुढे, पाहुण्यांकडे तोंड करून ठेवायला हवेत. तेही स्टँडवर, सुमारे सात फूट उंच. अक्षता टाकायला सगळे उभे राहतात, तेव्हा जमिनीवरच्या स्पीकरचा आवाज पहिल्या दोन रांगाच अडवतात.

मागच्यांसाठी चाळीस फुटांवर दुसरी जोडी लावा, म्हणजे पुढची जोडी फार वाढवावी लागत नाही. मात्र ती ब्लूटूथवर नको. चाळीस फूट जायला आवाजाला सेकंदाचा पंचविसावा भागही लागत नाही; साधं ब्लूटूथ मात्र सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतकं मागे पडू शकतं. मग प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि गाणाऱ्याचा ताल सुटतो. माझ्या मते माईक वायरलेस असावा, स्पीकर वायरचाच.

हौशी गायक माईकची जाळी मुठीत धरतात. त्यामुळे माईक चहूकडचा आवाज ओढू लागतो आणि शिट्टी लवकर येते. बऱ्याच माईकांचा अँटेना खालच्या टोकाला असतो, म्हणून तिथेही मूठ नको. मधल्या दांड्यावर धरावा, ओठांपासून दोन-तीन बोटं दूर. रिसीव्हर डोक्यांच्या वर, स्टेजजवळ ठेवावा. माणसांची गर्दी रेडिओलहरी शोषते आणि रिकाम्या हॉलमध्ये छान चाललेला माईक मुहूर्ताला तुटक बोलू लागतो.

सेलचं गणित सोपं आहे. दोन चांगल्या अल्कलाइन सेलवर असा माईक साधारण सहा-आठ तास चालतो. पण सकाळी आठला तपासलेला माईक कोणी बंद करत नाही, आणि मुहूर्त असतो साडेबाराचा. म्हणून अर्धा तास आधी दोन्ही सेल एकदम बदला; एक नवा, एक जुना असं नको. घड्याळात घालतो ते स्वस्त सेल इथे लवकर मान टाकतात. प्रत्येक माईकमागे सेलची एक जादा जोडी साउंडवाल्याच्या खिशात हवी, खोलीतल्या बॅगेत नव्हे.

आणि बुकिंग करतानाच एक वायरचा माईक स्टँडवर जोडून, चालू ठेवायला सांगा. त्याला सेल लागत नाहीत.