मुद्दा आधी, कारणे नंतर

‘मुख्य जलवाहिनी जुनी झाल्यामुळे तिला वारंवार गळती लागत असल्याने, पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती पूर्ण करणे आवश्यक असल्याचे लक्षात घेऊन, तसेच हे काम पाणी सुरू असताना करता येत नसल्यामुळे, गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील.’ अशी सूचना वाचताना पाणी येणार नाही हे अगदी शेवटी कळते. तोवर तीन कारणे लक्षात ठेवावी लागतात.

मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. म्हणून ‘असल्याने’, ‘लक्षात घेऊन’, ‘नसल्यामुळे’ असे तुकडे आधी रचत गेले की मुद्दा आपोआप मागे ढकलला जातो.

दुरुस्ती करताना आधी मुख्य क्रियापद शोधावे. इथे ते ‘बंद राहील’ हे आहे. काय बंद आणि कधी, एवढेच त्याला जोडून पहिले वाक्य करावे. उरलेल्या कारणांची छोटी वाक्ये त्यामागे ठेवावीत:

‘गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील. जुन्या मुख्य जलवाहिनीला वारंवार गळती लागते. तिची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी पूर्ण करायची आहे आणि पाणी सुरू असताना ती करता येत नाही.’

माहिती तीच राहिली, फक्त क्रम बदलला.

मात्र अट कारणासारखी मागे नेऊ नये. ‘पावती दाखवल्यास पैसे परत मिळतील’ या वाक्यात अट आधीच हवी. ती पुढच्या वाक्यात गेली तर पैसे सर्वांनाच मिळतील असा समज होतो. एखादे छोटे उपवाक्य आरंभी चालते. तीन झाली की वाक्य फोडावे.