कवटीच्या पतंगाचं नाव मागच्या पंखात

पावसाळ्याच्या आसपास जिन्यातल्या दिव्याखाली तळहाताएवढा पतंग बसलेला दिसतो. पाठीवर पिवळट कवटीसारखी नक्षी. फोटो निघतो, ग्रुपवर जातो आणि दोन मिनिटांत कुणीतरी लिहितं, ‘डेथ्स हेड हॉक मॉथ’. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. भारतात ही कवटी दोन जातींच्या पाठीवर असते, ‘अकेरॉन्शिया स्टिक्स’ आणि ‘अकेरॉन्शिया लॅकेसिस’. त्यातली कोणती, हे भिंतीवरच्या फोटोत बहुधा दिसतच नाही.

कारण हा पतंग ज्या पद्धतीने बसतो त्यात आहे. रेशीम पतंग चारही पंख भिंतीला चिकटवून पसरतात, म्हणून त्यांची ओळख सोपी. फिकट हिरवा रंग आणि लांब शेपट्या असल्या की मून मॉथ, पंखावर पारदर्शक त्रिकोणी खिडक्या असल्या की ॲटलास. हॉक मॉथ मात्र पुढचे पंख छपरासारखे मिटून बसतो आणि मागचे त्यांच्याखाली दडवतो. नेमकी खूण त्या दडलेल्या पंखांवर असते. स्टिक्सचा मागचा पंख पिवळा असून त्यावर दोन काळसर पट्टे असतात. लॅकेसिसच्या मागच्या पंखाचा बुडाकडचा मोठा भाग काळा असतो, पिवळ्याला जागा थोडीच उरते. लॅकेसिस सहसा मोठा असतो, पण त्या भरवशावर नाव ठेवू नये. स्टिक्सची मोठी मादी लॅकेसिसच्या लहान नराएवढी भरू शकते.

तेव्हा फोटो काढताना आधी भिंतीसमोर सरळ उभं राहून एक काढावा. तिरक्या फोटोत पंखांचा आकार बिघडतो. शेजारी दहा रुपयांचं नाणं धरलं की माप मिळतं, कारण त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फ्लॅश जवळून मारू नये, कवटीच्या छटा पांढुरक्या पडतात. मग गवताच्या काडीने अंगाला हलकेच स्पर्श करावा. डिवचला गेला की हा पतंग बऱ्याचदा पंख उचलून मागची पिवळी-काळी बाजू दाखवतो आणि आखूड सोंडेतून हवा ढकलून चिरकतो. तोच क्षण टिपायचा. आवाजाला घाबरू नका, तो डंख मारत नाही. चिमटीत मात्र धरू नका, पंखांवरचे खवले बोटांना लागतात आणि नक्षी पुसते.

परिसरात तिळाचं शेत असेल तर तिथल्या शेपटीला शिंग असलेल्या जाड अळ्याही पाहाव्यात. स्टिक्सच्या अळ्या तीळ खातात. पण शेत जवळ आहे म्हणून भिंतीवरचा पतंग स्टिक्सच, असं ठरत नाही; त्याने पंख उघडलेच नाहीत, तर नोंदीत तारीख आणि गाव लिहून नाव नुसतं ‘अकेरॉन्शिया’ ठेवा.