चार सेकंद शिळा आकडा

टाकीतली पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा दर सेकंदाला उगाच थरथरतो. शेवटच्या 9 आकड्यांची सरासरी घेतली की थरथर एक तृतीयांश उरते. मात्र पाणी सेकंदाला 2 मिमी चढत असेल, तर सरासरी 4 सेकंद, म्हणजे 8 मिमी, मागे राहते.

दुसरी रीत फर्स्ट-ऑर्डर फिल्टरची: जुन्या उत्तरात नव्या फरकाचा पाचवा हिस्सा मिळवायचा. लक्षात ठेवायचा आकडा एकच. थरथर तितकीच घटते आणि, गंमत म्हणजे, उशीरही तेवढाच! पातळीने अचानक उडी घेतली, तर सरासरी 9 सेकंदांत पोहोचते. हा फिल्टर तेव्हा 87 टक्क्यांवरच रेंगाळत असतो.

पंप याच शिळ्या आकड्यावर चालतो. कंट्रोलर तापट असेल, तर फिल्टर लावल्यावर पातळी संथ हेलकावे घेऊ लागते. अशा वेळी फिल्टर आणखी वाढवणे म्हणजे आगीत तेल.