एका अर्जाचं उत्तर आणि सगळ्या झाडांचं वजन

कर्ज बुडण्याची शक्यता सांगणाऱ्या, अनेक निर्णयवृक्षांच्या मॉडेलचा सरासरी अंदाज समजा 12 टक्के आहे आणि एका अर्जदारासाठी तो 30 टक्के आला. शॅप मूल्यं या 18 अंकांच्या फरकाची वाटणी करतात: थकलेले हप्ते +14, कमी उत्पन्न +7, जुनी नोकरी −3. ही पद्धत लॉइड शॅप्ली यांनी 1953 मध्ये मांडलेल्या वाटणीच्या गणितावर उभी आहे.

वृक्षांचं एकूण 'महत्त्व' वेगळं असतं. प्रत्येक स्तंभावर फांदी फोडल्याने प्रशिक्षणात चूक किती घटली, याची ती बेरीज. दिशा त्यात नसते, हा अर्जदारही नसतो. शिवाय खातेक्रमांकासारख्या असंख्य वेगळ्या किमतींच्या स्तंभाला फांद्या फोडायला भरपूर जागा मिळते, म्हणून तो निरर्थक असूनही वर चढतो. न पाहिलेल्या नोंदींत तो स्तंभ पिसून पाहावा. अचूकता घटली नाही, तर महत्त्व फसवं आहे.

शॅपही फसवतं. उत्पन्न आणि कार्डाची मर्यादा एकत्र वाढत असतील, तर श्रेय दोघांत विभागलं जातं आणि खरं कारण लहान दिसू शकतं. मुख्य म्हणजे +7 हा आकडा मॉडेलचं वागणं सांगतो. उत्पन्न वाढलं की धोका तेवढा घटेल, असं तो सांगत नाही.