रुग्णांचं सरासरी वय १४५? एक्सेलमधल्या ९९९ चा घोळ

दहा रुग्णांपैकी नऊ जणांचं सरासरी वय ५०. दहाव्याचं वय माहीत नव्हतं, म्हणून नोंद करणाऱ्याने ९९९ लिहिलं. एक्सेलने तेही वयच धरलं आणि सरासरी आली जवळपास १४५!

म्हणून विश्लेषणाआधी प्रत्येक रकान्यातली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या तपासतात. मूळ फाइलला हात न लावता प्रतीमध्ये ९९९ ची जागा रिकामी करतात. तिथे शून्य लिहीत नाहीत, कारण शून्य म्हणजे वर्षाच्या आतलं बाळ. 'पुरुष', 'पु.' अशा नोंदींना एकच कोड देतात.

प्रत्येक बदल वेगळ्या शीटवर लिहितात: रुग्ण क्रमांक, रकाना, जुनी नोंद, नवी नोंद, कारण, तारीख, बदल करणाऱ्याचं नाव. उद्या केसपेपरवर खरं वय सापडलं, तर ते कुठे भरायचं हे याच शीटवरून कळतं.